सर्चमध्ये प्रोफाइल दिसत नाही, तेव्हा नेमकं कुठे बघायचं

मी गुहागरची. बी.कॉम. झाल्यावर रत्नागिरीत एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात चार वर्षं अकाउंट्स बघितले. आता घरूनच काम करायचं म्हणून अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर बुककीपर म्हणून प्रोफाइल काढली आहे. शीर्षकात अकाउंटंट, टॅली, जीएसटी, एक्सेल, डेटा एन्ट्री, टायपिंग असं सगळं घातलंय, रेट ताशी ५ डॉलर. प्रोफाइल शंभर टक्के भरलेली दाखवतं, पण नवऱ्याच्या फोनवरून शोधलं तर मी कुठल्याच पानावर नाही. एक छोटं फिक्स्ड प्राइसचं काम मिळालं होतं, फाइल पाठवली आणि तो क्लायंट गायबच झाला. कुणी म्हणतं रोज ऑनलाइन राहा, कुणी म्हणतं रेट अजून पाडा, कुणी म्हणतं शहर मुंबई टाका. वर कोण येतं हे ठरतं कसं आणि प्रोफाइलमधलं नेमकं काय बघितलं जातं?

ताई, नवऱ्याच्या फोनवरून शोधणं आधी बंद करा. तिथे जे दिसतं ते तुमच्या खऱ्या क्लायंटला दिसत नाही. प्रत्येक शोधणाऱ्याला यादी वेगळी येते. त्याने कुठले फिल्टर लावलेत, आधी कुणाला काम दिलंय, कुठल्या देशातून शोधतोय, यावर ती बदलते. शिवाय सिडनीचा एखादा दुकानदार सर्चच्या चौकटीत नुसतं ‘बुककीपर’ लिहून पानं उलटत बसतो, असं फारसं होत नाही. तो कामाची जाहिरात टाकतो, त्यात तीन-चार स्किल्स निवडतो आणि जाहिरात टाकल्या टाकल्या साइट त्याच्यापुढे ‘यांना बोलवा’ म्हणून एक यादी ठेवते. आमंत्रणं बरीचशी त्या यादीतून निघतात. तुम्हाला खरं तर त्या यादीत यायचं आहे.

ही यादी दोन टप्प्यांत बनते, आणि सल्ले देणारे या दोन टप्प्यांची सरमिसळ करतात. पहिल्या टप्प्यात फक्त चाळण असते: लाखो प्रोफाइल्समधून या कामाला लागू पडतील अशा काही निवडायच्या. इथे शीर्षक, स्किल्स, कॅटेगरी, ओव्हरव्ह्यू म्हणजे तुमची ओळख सांगणारा मजकूर आणि क्लायंटचे फिल्टर एवढंच चालतं. दुसऱ्या टप्प्यात चाळणीतून उतरलेल्यांचा क्रम लागतो, आणि तो साइटच्या धंद्यावर ठरतो. साइटला मुख्य पैसे मिळतात ते काम ठरलं, पार पडलं आणि बिल भरलं गेलं तरच. म्हणून कुणाला बोलावलं तर तो उत्तर देईल, कुणाला काम दिलं तर ते तक्रारीशिवाय संपेल, याचा अंदाज बांधून माणसं वर-खाली लावली जातात. अंदाजाचं नेमकं सूत्र कुठलीच साइट उघड करत नाही, पण कशाकशाचा विचार होतो हे त्यांच्या मदत-पानांवरून आणि क्लायंटला मिळणाऱ्या फिल्टरवरून कळतं.

तुमची अडचण पहिल्या टप्प्यातलीच आहे, असं तुमच्या शीर्षकावरून वाटतं. टॅली आणि जीएसटी हे भारतातले शब्द. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटनमधल्या छोट्या धंद्यांचे हिशेब बहुतेक झीरो नाहीतर क्विकबुक्स या सॉफ्टवेअरवर असतात. त्यांच्या जाहिरातीत टॅलीचं नाव येत नाही. जीएसटी ऑस्ट्रेलियातही आहे, पण आपल्याकडच्या रिटर्न्सचा अनुभव तिथे कामाचा नाही. डेटा एन्ट्री आणि टायपिंगमुळे आणखी एक होतं. तुमची गणना अशा गटात होते जिथे गर्दी सगळ्यात जास्त आणि दर सगळ्यात कमी. एकाच शीर्षकात सहा धंदे लिहिले की सहाही चाळण्यांत तुम्ही अर्धवट बसता, पुरत्या कशातच बसत नाही.

अपवर्कवर शीर्षकाला ७० अक्षरांची मर्यादा आहे. तेवढ्यात एक सॉफ्टवेअर आणि एक-दोन कामं पुरे. तुमचं शीर्षक मी असं बदलेन, वरचं आत्ताचं, खालचं नवं:

```
Hardworking Accountant | Tally, GST, Excel, Data Entry, Typing
Xero Bookkeeper | Bank Reconciliation | Catch-up & Cleanup
```

झीरो तुम्हाला येत नसेल तर आधी शिकून घ्या, मगच शीर्षक बदला. झीरोचं सल्लागारांसाठीचं प्रमाणपत्र आणि क्विकबुक्सचं प्रोअ‍ॅडव्हायझर प्रमाणपत्र, दोन्ही फुकट आहेत, घरबसल्या होतात. ते प्रोफाइलमध्ये वेगळ्या रकान्यात जोडता येतं. चार वर्षं डेबिट-क्रेडिट केलेल्या माणसाला तिथला तर्क नवा नाही, फक्त पडदे नवे आहेत.

स्किल्सच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. जाहिरात टाकणारा क्लायंट आणि तुम्ही, दोघंही एकाच तयार यादीतून स्किल्स निवडता. म्हणून इथे जवळपासचा शब्द चालत नाही, तोच शब्द लागतो. आज संध्याकाळी बसून बुककीपिंगच्या ताज्या वीस जाहिराती उघडा आणि खाली जी स्किल्स दिली आहेत ती वहीत उतरवून प्रत्येकापुढे रेघा मारत जा. झीरो, क्विकबुक्स ऑनलाइन, बँक रिकन्सिलिएशन, अकाउंट्स पेयेबल, असे आठ-दहा शब्द पुन्हा पुन्हा येतील. तुमच्या यादीत तेच हवेत, जास्त रेघांचे आधी. एमएस वर्ड, टायपिंग, इंटरनेट रिसर्च काढून टाका. ती जागा अडवतातच, वर तुम्ही नक्की कोण याचा गोंधळ वाढवतात.

आता रेट. रेट पाडला की माणूस वर येतो, हा समज कुठून आला कोण जाणे. क्लायंटच्या फिल्टरमध्ये दराचे टप्पे असतात: १० डॉलरपर्यंत, १० ते ३०, ३० ते ६० आणि त्याच्या वर. ज्याचं सहा महिन्यांचं हिशेबाचं भजं झालंय, तो अनुभवी माणूस शोधतो आणि १० ते ३० वर टिचकी मारतो. त्या क्षणी ५ डॉलरवाली प्रोफाइल यादीतून बाहेर, मग ती कितीही चांगली असो. १० वरही ठेवू नका, कारण ती नेमकी सीमा आहे. १२ ठेवा. हातात काही काम नसताना १२ मागायला संकोच वाटत असेल तर एक सोय आहे: प्रोफाइलवरचा दर आणि एखाद्या कामासाठी प्रपोजलमध्ये लिहिलेला दर वेगळा असू शकतो. सुरुवातीची दोन-तीन कामं ९ डॉलरने घेतलीत तरी प्रोफाइल १२च्या टप्प्यात उभी राहते.

शहर मुंबई टाकून काही मिळत नाही. क्लायंट देशानुसार किंवा टाइम झोननुसार गाळतो, आणि गुहागर काय, मुंबई काय, दोन्ही भारतातच. उलट ओळखपत्राची पडताळणी झाली आणि आधारवरचा पत्ता जुळला नाही तर खातंच अडकतं. परदेशातलं शहर टाकण्याचा विचार तर मनातही आणू नका, त्यावर खाती कायमची बंद होतात. वेळेचं म्हणाल तर ती तुमची जमेची बाजू आहे. जुलैमध्ये सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. तुम्ही सकाळी साडेसहाला बसलात तर तिथे अकरा वाजलेले असतात, आणि तिथे पाचला ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडे साडेबारा. म्हणजे दुपारच्या जेवणाआधी त्यांच्या कामाच्या वेळेतले सहा तास मिळाले. ऑक्टोबरात त्यांची घड्याळं एक तास पुढे सरकतात, तेव्हा पाच तास. हे ओव्हरव्ह्यूमध्ये एका ओळीत लिहा, क्लायंटला गणित करायला लावू नका.

चाळणीतून उतरल्यावर तुमचं पहिल्यांदा काय दिसतं? अख्खी प्रोफाइल नाही, एक छोटं कार्ड. त्यावर फोटो, नाव, शीर्षक, देश, दर, आजवरची कमाई, काही स्किल्स आणि ओव्हरव्ह्यूच्या सुरुवातीच्या ओळी. बाकीचं सगळं टिचकी मारल्यावर. म्हणून ओव्हरव्ह्यू लांबलचक असण्यापेक्षा त्याच्या पहिल्या दोन ओळी कामाच्या असणं महत्त्वाचं. ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ ही ओळ सगळ्यांकडे असते. तुम्ही कारखान्यात काय केलंत ते आठवा. एप्रिल-मेमध्ये बागायतदारांचा माल रोज येतो, वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांचा ढीग लागतो, एकाच बागायतदाराचे पैसे कधी दोन हप्त्यांत जातात, कधी दोन बिलांचे एकदम. जून लागला की बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून एकेक नोंद जुळवत बसायचं. परदेशात याच कामाला मागणी आहे, फक्त आंब्याच्या जागी तिथे कॅफेचा माल किंवा प्लंबरची बिलं असतात. तर सुरुवात अशी करता येईल:

```
I clean up books that are months behind: unmatched bank lines,
part-payments, duplicate bills. 4 years in a seasonal food factory.
```

सर्चच्या क्रमवारीला या ओळींतून थेट गुण मिळतात असं मी म्हणणार नाही. पण कार्ड दिसलं आणि कुणीच उघडलं नाही, असं वारंवार झालं तर पुढच्या वेळी तुम्हाला दाखवण्याचं साइटला कारण उरत नाही. यादीतली जागा आणि टिचकी असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

पोर्टफोलिओत काही तरी हवंच, आणि इथे अकाउंट्सवाल्यांची पंचाईत होते, कारण कारखान्याची खरी कागदपत्रं टाकणं चुकीचं आहे आणि तसा विश्वासघात कळला तर कोण काम देईल? झीरोमध्ये सरावासाठी एक डेमो कंपनी मिळते. तिच्यात मुद्दाम गोंधळ घाला: एक बिल दोनदा टाका, एका पेमेंटचे दोन तुकडे करा, तीन नोंदी न जुळवता सोडा. मग ते सगळं निस्तरा. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट, खाली चार ओळींत काय सापडलं आणि कसं सोडवलं. हे डेमो डेटावर केलंय असं स्पष्ट लिहा.

ऑस्ट्रेलियाबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. तिथे दर तिमाहीला धंद्याला बीएएस नावाचं विवरणपत्र भरावं लागतं, आणि पैसे घेऊन ते तयार करण्याचा किंवा भरण्याचा अधिकार फक्त तिथल्या नोंदणीकृत एजंटांना आहे. कीवर्ड चांगला चालतो म्हणून पुष्कळ जण शीर्षकात ‘बीएएस एक्स्पर्ट’ टाकतात. सर्चमध्ये दिसतातही, पण जाणकार क्लायंट पहिल्याच बोलण्यात बाजूला करतो. तुम्ही नोंदणीकृत एजंटच्या हाताखाली त्याची हिशेबाची तयारी करून देऊ शकता, आणि तसंच लिहा. अशा एजंटांची ऑफिसंच मग वर्षानुवर्षं काम देतात.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे क्रम लागताना, मागच्या कामांचा निकाल सगळ्यात जड पडतो. अपवर्कवर त्याला जॉब सक्सेस स्कोअर म्हणतात. चांगल्या निकालाच्या कामांतून वाईट निकालाची वजा करायची आणि एकूण कामांनी भागायचं, असा त्याचा ढाचा आहे. मोठ्या रकमेच्या कामाला जास्त वजन असतं. गेल्या ६, १२ आणि २४ महिन्यांचे हिशेब वेगवेगळे होतात आणि त्यातला सगळ्यात चांगला दाखवला जातो. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे क्लायंट जाताना तुम्हाला न दिसणारं खाजगी मतही देतो. पाच चांदण्या देऊन खाजगीत ‘पुन्हा काम देणार नाही’ म्हणणारे असतात, आणि स्कोअर का घसरला हे माणसाला कळत नाही. तुमची तेवढी कामं झालेली नाहीत, त्यामुळे हा आकडा अजून दिसणारच नाही. आणि जो क्लायंट ‘९० टक्क्यांच्या वर’ असा फिल्टर लावतो, त्याच्या यादीत आकडा नसलेली व्यक्ती येत नाही. यावर प्रोफाइलमध्ये काहीही लिहून उपाय नाही.

म्हणून सरळ सांगतो: पहिली चार-पाच कामं सर्चमधून येतील असं धरू नका. ती प्रपोजल पाठवूनच मिळवावी लागतात, कनेक्ट्स, म्हणजे प्रपोजल पाठवायला लागणारी साइटची टोकनं, खर्चून. एक कनेक्ट ०.१५ डॉलरचा. बूस्ट करून प्रपोजल किंवा प्रोफाइल वर ढकलण्याची सोयही आहे, पण आत्ता त्यात पैसे घालू नका. बूस्टने फक्त कार्ड दिसतं. कार्डावर कमाई शून्य आणि शीर्षकात टायपिंग असेल, तर दिसून उपयोग काय? छोटी, लवकर संपणारी, एका झीरो फाइलपुरती कामं शोधा.

रोज ऑनलाइन राहण्याबद्दल. क्लायंटला शेवटची हालचाल कधी झाली त्यावरून गाळता येतं, आणि महिनोन् महिने निपचित पडलेलं खातं साइट स्वतःच प्रायव्हेट करू शकते. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल पब्लिक आहे ना, एवढं आज बघाच. नवीन लोकांचं घोडं कित्येकदा तिथेच अडलेलं असतं. पण रात्रभर टॅब उघडा ठेवून दर पाच मिनिटांनी रिफ्रेश मारणारे जे आहेत, त्यांना त्यातून डोळ्यांना त्रास सोडून काही मिळत नाही. रोज शीर्षकातला एक शब्द बदलणाऱ्यांचंही तेच.

आमंत्रणाला मिळालेलं उत्तर मात्र मोजलं जातं. काम नको असेल तरी ‘नको’ असं उत्तर द्या. नकार हे उत्तर आहे, गप्प बसणं नाही. आपल्याकडे पावसात लाइट जाते, टॉवर बंद पडतो, दोन दिवस रेंज नसते, हे क्लायंटला कसं कळणार? फोनवर अ‍ॅप ठेवा आणि वाडीत जिथे दुसऱ्या कंपनीची रेंज येते तिथल्या सिम कार्डाची सोय करा. आणि उपलब्धता खरी लिहा. आंब्याच्या सीझनला बागेत मदत करणार असाल तर आठवड्याला ३० तासांहून जास्त असं तेव्हा ठेवू नका, कमीचा पर्याय निवडा. गणपतीतल्या पाच-सात दिवसांसाठी तेच. यादीतून थोडे दिवस मागे पडलं तर परत येता येतं, उत्तर न दिलेल्या आमंत्रणांची रास मात्र मागे राहते.

फायव्हरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे तिकडे वळाल म्हणून थोडक्यात. तिथे माणसाऐवजी प्रत्येक गिग, म्हणजे एका ठरावीक कामाची तुम्ही टाकलेली जाहिरात, वेगळी क्रमवारीत लागते. झीरोची स्वच्छता एक गिग, मासिक हिशेब दुसरी, असं करा. टॅग पाचच मिळतात. गिगचा वेबपत्ता पहिल्यांदा प्रकाशित करताना जे शीर्षक असतं त्यावरून बनतो आणि नंतर शीर्षक बदललं तरी तसाच राहतो, म्हणून पहिलं शीर्षक घाईत टाकू नका. तिथे प्रत्येक गिगचे किती वेळा दिसली, किती टिचक्या, किती ऑर्डर, असे आकडे मिळतात आणि दोष कुठे आहे ते त्यावरूनच ओळखायचं. दिसतच नसेल तर टॅग आणि शीर्षक चुकलं. दिसते पण टिचकी नाही, तर चित्र, शीर्षक किंवा दर. टिचक्या आहेत पण कुणी विचारत नाही, तर आतला मजकूर आणि पॅकेजेस. अपवर्कवर आकडे इतके सुटे मिळत नाहीत, पण प्रोफाइल किती जणांनी उघडली आणि आमंत्रणं किती आली, यावरून तोच तर्क चालवता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान तीन आठवडे हात लावू नका. शीर्षक, दर आणि फोटो एकाच दिवशी बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. तुम्ही शीर्षक आणि स्किल्स आधी घ्या, ती दोन्ही एकच बदल समजा. दर त्यानंतर.

ओळखीच्या ग्रुपमध्ये एकमेकांना पाच-पाच डॉलरची कामं देऊन चांदण्या वाटण्याचे प्रकार चालतात. त्यात पडू नका. पैसे कुठून कुठे फिरले हे साइटला दिसतं आणि ग्रुपमधली सगळी खाती एकदम जातात.

राहिला तो गायब झालेला क्लायंट. फाइल तुम्ही नुसती मेसेजमध्ये पाठवली असेल तर साइटच्या लेखी काम दिलेलंच नाही. माइलस्टोनमध्ये पैसे आधी भरलेले आहेत का बघा, आणि असतील तर तिथलं ‘काम सादर करा’ बटण दाबून तीच फाइल रीतसर सादर करा. त्यानंतर क्लायंट १४ दिवस काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप तुमच्याकडे येतात. पैसे आले की त्याला एक साधा मेसेज टाका, करार तुमच्या बाजूने बंद करा आणि त्याच्याबद्दल दोन बऱ्या ओळी लिहा. बंद झाल्यापासून त्यालाही अभिप्रायासाठी १४ दिवस मिळतात. त्याने दिला नाही तरी कार्डावर कमाईचा पहिला आकडा येतो, आणि ‘निदान काही तरी कमावलेले’ असा जो फिल्टर क्लायंट लावतात, त्यातून तुम्ही पहिल्यांदा पार होता.